एका वेळच्या भाताला वीज किती, गॅस किती?

श्रोतेहो, नमस्कार. विजेच्या कुकरमध्ये भात लावणे स्वस्त की गॅसवर, हे ठरवण्यासाठी उपकरणाच्या मागे छापलेले वॉट आणि भिंतीवरचे घड्याळ एवढे पुरते. 1000 वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट वीज जळते.

दोन वाट्या तांदूळ आणि चार वाट्या पाणी घेऊन 700 वॉटचा राईस कुकर लावला आणि 24 मिनिटांनी त्याचा खटका वर उडाला, असे समजू. पाणी शिल्लक असेपर्यंत भांड्याच्या तळाचे तापमान 100 अंशांच्या आसपासच राहते आणि पाणी आटल्यावर ते वर सरकताच खटका उडतो, त्यामुळे तोवर कुकर पूर्ण 700 वॉट घेत असतो. हिशेब होतो 0.28 युनिटचा. पडताळायचे असेल, तर घरातले बाकी सारे बंद करून विजेच्या मीटरवरचा लाल दिवा पाहावा. मीटरवर युनिटला 3200 लुकलुक असे छापले असेल, तर हा कुकर मिनिटाला सुमारे 37 वेळा तो दिवा लुकलुकवेल.

आता तोच भात गॅसवर प्रेशर कुकरमध्ये. मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासाला साधारण 180 ग्रॅम गॅस खातो. दहा मिनिटे मोठी आच आणि नंतर पाच मिनिटे मंद आच धरली, तर 35 ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. त्यातली उष्णता सुमारे 0.44 युनिटइतकी, म्हणजे विजेच्या दीडपटीहून जास्त भरते, कारण ज्वाळेतली तिसऱ्या हिश्शाहून अधिक उष्णता भांड्याच्या कडेने निघून स्वयंपाकघरच तापवते.

खर्चात मात्र हा फरक उरत नाही. 14.2 किलोचे सिलिंडर 900 रुपयांना आणि वीज युनिटला 8 रुपये धरली, तर दोन्हीकडे सव्वादोन रुपयांच्या आसपासच येतात. आपला दर वेगळा असेल, तर आकडा बदलेल. शिवाय प्रेशर कुकरच्या डब्यांत भाताबरोबर वरणाची डाळ आणि बटाटेही शिजतात, गॅस मात्र थोडाच वाढतो, आणि अशा स्वयंपाकात गॅसच परवडतो, असे माझे मत आहे.

एअर फ्रायरला वॉट आणि मिनिटांचा गुणाकार जरा फसवतो. 1400 वॉटचा फ्रायर पंधरा मिनिटे चालला, तर कागदावर 0.35 युनिट येते, पण ठरलेले तापमान गाठल्यावर त्याची कॉइल मधूनमधून बंद पडते, म्हणून खरा आकडा त्याहून कमी असतो. तरीही बटाट्याच्या काचऱ्या कढईत थोड्या तेलावर परतायला लहान बर्नरवर वीसेक ग्रॅम, म्हणजे सव्वा रुपयाचा गॅस पुरतो. फ्रायरमध्ये वाचते ते तेल; इंधन नव्हे.

राईस कुकरचा खटका उडाल्यावर भात गरम ठेवण्यासाठी तो सुमारे 40 वॉट घेत राहतो. सकाळी लावलेला कुकर दुपारपर्यंत सहा तास तसाच राहिला, तर 0.24 युनिट जाते, म्हणजे जवळजवळ आणखी एकदा भात शिजवण्याइतकी वीज.