तिळगूळ इटालियनमध्ये कसा द्यायचा

श्रोतेहो, नमस्कार. गड्ड्याची धामधूम, भोगीच्या अक्षता, नंदीध्वजांपुढे पांढऱ्या बाराबंदीतली माणसं हे सोलापूरकराला सांगायला नको. पण इटलीतल्या स्नेह्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा द्यायच्या तर कुठून सुरू करायचं?

पहिल्या वर्षी मी सुरुवातच चुकवली. 'बुओने फेस्ते' लिहिलं. शब्दशः अर्थ 'सणांच्या शुभेच्छा', पण तिकडे ते नाताळच्या दिवसांत म्हणतात आणि 6 जानेवारीच्या एपिफानियाला ते सण संपतात. त्यांची म्हणच आहे, एपिफानिया सगळे सण घेऊन जाते. आपली संक्रांत 14 तारखेची, म्हणजे माझ्या शुभेच्छा आठवडाभर उशिरा पोचल्यासारख्या वाटल्या. त्यापेक्षा 'तांती आउगूरी', खूप खूप शुभेच्छा, कुठल्याही आनंदाच्या प्रसंगी चालतं.

सोबत फोटो होता आमच्या घरातला. बायको, आई, वहिनी, सगळ्या काळ्या साड्यांत. मैत्रिणीचा काळजीचा फोन आला, "घरात कोणी गेलं का?" तिकडेही काळा रंग दुखवट्याचा, 'लुत्तो'चा. आपल्याकडेही एरवी सणाला काळं चालत नाही. संक्रांतीलाच चालतं, कारण थंडीत काळा रंग ऊब धरतो. हे कारण लिहिलंच पाहिजे.

आता तिळगूळ. गुळाला इटालियनमध्ये घरगुती शब्द नाही. 'झुक्केरो दि कान्ना इन्तेग्राले', म्हणजे शुद्ध न केलेली उसाची साखर, हे बरोबर आहे, पण शुभेच्छेत किराण्याच्या यादीसारखं वाटतं. सिसिलीत तीळ आणि मधाची चिक्की करतात, म्हणून मी नुसतं 'तिळाचा गोड खाऊ' म्हणतो. 'गोड गोड बोला'चं मी आधी 'पार्लाते दोल्चे दोल्चे' केलं होतं. मैत्रीण हसली. म्हणाली, शब्द कळतात, पण असं कोणी बोलत नाही. मग 'दोल्चे' या शब्दानंच वाट दाखवली. त्याचा अर्थ गोडही आणि मिठाईही. 'पारोले दोल्ची' म्हणजे गोड शब्द.

यंदाचा निरोप असा गेला:

"कारी आमीची, ओज्जी दा नोई ए संक्रांती: तांती आउगूरी! ची वेस्तियामो दि नेरो, मा पेर स्तारे काल्दी, निएन्ते लुत्तो! प्रेन्देते उन दोल्चेत्तो आल सेझामो, ए दा ओज्जी सोलो पारोले दोल्ची फ्रा नोई. उन आब्राच्चो दा सोलापूर."

मराठीत: प्रिय मित्रांनो, आज आमच्याकडे संक्रांत आहे, खूप शुभेच्छा! आम्ही काळं नेसतो, पण उबेसाठी, दुखवटा नाही. तिळाचा खाऊ घ्या आणि आजपासून आपल्यात फक्त गोड शब्द. सोलापूरहून एक मिठी. (ते 'आमीची' म्हणजे मित्रहो, आमच्या आईला मात्र 'आमची'च ऐकू येतं.)

संध्याकाळी उत्तर आलं, 'आंके आ वोई', तुम्हालाही. पुढे एक प्रश्न होता: तिळाचा खाऊ नेमका कधी पाठवताय?