जोडलं गेलंय, पण वाजत नाही

पत्रिकेत विषय छापलाय 'इनपुट सिलेक्टर आणि सिग्नलची पातळी'. पातळीकडे येतोच, पण आधी पंचवटीतल्या एका काकांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. इथल्या काहींनी ती ऐकली असेल, त्यांनी चहा घेऊन यावा.

काकांकडे ऐंशीच्या दशकातला ॲम्प्लिफायर आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर आहेत. नातवानं ब्लूटूथ रिसीव्हर आणला, मागे ऑक्सच्या खोबणीत लाल-पांढऱ्या पिना लावल्या, मोबाईल जोडला. स्क्रीनवर Connected आलं. रिसीव्हरचा निळा दिवा स्थिर झाला. गाणं सुरू केलं, आणि काहीच नाही! सिलेक्टरही बरोबर ऑक्सवर होता. रेडिओ लावून पाहिला, तोही मुका.

मग कारागीर आला. नाव सांगत नाही, नाशिक अजून लहानच गाव आहे. (हशा) त्यानं झाकणही न उघडता निकाल दिला, "आउटपुट आयसी गेलाय. पार्ट मिळत नाहीत, नवीन घ्या." मला राग येतो तो इथे. स्पीकरला कान लावला असता, तर आवाजाचं बटण वर नेल्यावर बारीक 'सऽऽ' ऐकू आली असती. ती सरसर येत होती. म्हणजे आतला शेवटचा टप्पा आणि स्पीकर दोन्ही जिवंत. अडलं होतं त्याच्या आधी कुठेतरी.

समोरच्या पट्टीवर सिलेक्टरपासून बाजूला एक छोटं चौकोनी बटण होतं, दाबलं की आत राहणारं. त्यावर टेप मॉनिटर लिहिलेलं. ते आत होतं. मी बाहेर काढलं आणि गाणं सुरू झालं. एवढंच!

हे बटण ठेवलं कशाला? त्या काळी चांगल्या टेप डेकला तीन हेड असायची. रेकॉर्डिंग चालू असतानाच टेपवर काय उमटतंय ते ऐकता यायचं. त्यासाठी ॲम्प्लिफायर सिलेक्टरचा आवाज डेककडे पाठवतो आणि मॉनिटर दाबलं की डेककडून परत आलेलाच आवाज पुढे सोडतो. डेक कधीच भंगारात गेलेला, पण ॲम्प्लिफायर अजून त्याचीच वाट बघतोय. टाकी भरलेली, नळ उघडा, मधला कॉक बंद, अशातली गत. सिलेक्टर फिरवून उपयोग नाही, कारण हा कॉक सिलेक्टरच्या पुढे आहे. म्हणून खूण लक्षात ठेवा: रेडिओसकट सगळंच गप्प असेल तर आधी मॉनिटर बघायचा. रेडिओ वाजतोय आणि फक्त ब्लूटूथ गप्प असेल तर मागच्या पिना बघायच्या. टेपच्या खोबण्यांच्या दोन जोड्या असतात. रेक म्हणजे ॲम्प्लिफायरमधून बाहेर जाणारी, प्ले म्हणजे आत येणारी. रिसीव्हर रेकमध्ये लावलात तर एका तोंडासमोर दुसरं तोंड.

काहींच्या मागे पाच पिनांची गोल डिन खोबण असते. टेपसाठीच्या अशा खोबणीत सहसा ३ आणि ५ या पिना आत येणाऱ्या आवाजाच्या, १ आणि ४ बाहेर जाणाऱ्या, २ जमिनीची. बाजारातल्या केबलची जोडणी उलटी निघाली की पुन्हा शांतता.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. बरं, पातळी.

ब्लूटूथची जोडणी ही फक्त मोबाईल आणि रिसीव्हर यांच्यातली बोलणी. त्यातून पुढे निघणारा आवाज साधा तारेतला सिग्नल, साधारण अर्धा ते एक व्होल्ट. ऑक्सला तो चालतो. फोनोला मात्र रेकॉर्डच्या सुईचे पाच-एक मिलिव्होल्ट अपेक्षित असतात, म्हणजे शंभर-दोनशेपट कमी. शिवाय फोनो आत खालचे सूर मुद्दाम चढवतो आणि वरचे उतरवतो. तिथे रिसीव्हर लावला की आवाज घुमतो आणि फाटतो. 'निदान वाजतं तरी' म्हणून तो तिथे ठेवू नका.

आता उलट बाजू. पूर्ण शांतता असेल तर बहुधा कुठलीतरी वाट बंद असते. पण पुटपुटल्यासारखा आवाज आला तर मोबाईलचा आवाज खाली आहे. आधी मोबाईल जवळजवळ पूर्ण वर, ॲम्प्लिफायर अगदी खाली, मग ॲम्प्लिफायर सावकाश चढवा. उलट केलंत तर सरसरच मोठी होते आणि मध्येच आलेल्या मेसेजची टिंग कानठळ्या बसवते.

आणि रिसीव्हरवरच संशय असेल तर त्याच्या भोकात साधा इअरफोन खुपसा. तिथेही शांतता असेल तर मोबाईलच्या ब्लूटूथमध्ये त्या रिसीव्हरसमोर Media audio चालू आहे का बघा. ते बंद असलं तरी जोडणी दिसू शकते. जुन्या सिलेक्टरचे संपर्क काळवंडलेले असतात, वीज बंद करून पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे फिरवा. एका बाजूचाच स्पीकर येत असेल तर हा उपाय पहिला.