पानाला पाणी कोण पाजतंय? : कलमांचे फोटो कसे वाचावेत

(सांगोला तालुक्यातल्या डाळिंब बागायतदारांच्या बैठकीत एका रोपवाटिकाधारकाने केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

रामराम मंडळी. पावसाळा लागला की माझ्या मोबाईलवर दिवसाला दहा-बारा फोटो येतात, आणि प्रत्येकाखाली एकच प्रश्न असतो, "मुळी फुटली का? कापू का?" कधी गुटीचा फोटो, कधी पिशवीतून उपटून काढलेल्या छाट कलमाचा, तर कधी नुसता गळलेल्या पानांचा सडा. आज हे फोटो वाचायचे कसे तेवढंच बोलतो. डाळिंबाचंच बोलतो, कारण माझा हात त्यातच बसलेला आहे.

फोटो उघडल्यावर मी आधी मुळीकडे बघत नाही. आधी विचारतो, या पानाला सध्या पाणी कोण पाजतंय? गुटी झाडावरच असेल तर पाणी आईझाड पाजतंय. छाट कलम असेल तर काडीत साठवलेलं होतं तेवढ्यावर पान उभं आहे. आणि गुटी कापून पिशवीत लावली असेल, तर त्या दिवसापासून नवीन मुळीवर सगळा भार आला. तीच हिरवी पानं, पण तिन्ही ठिकाणी त्यांचा अर्थ वेगळा.

गुटीपासून सुरू करू. पेन्सिलीएवढी जाड फांदी घेऊन आपण दोन-अडीच सेंटिमीटर साल गोल काढतो आणि त्या जखमेभोवती ओल्या शेवाळाचा गोळा ठेवून वरून प्लॅस्टिक बांधतो. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली येतं, तो रस्ता तुटला. मुळाकडून वर जाणारं पाणी मात्र आतल्या लाकडातून जातं, त्याला आपण हात लावलेला नाही. म्हणून दीड-दोन महिने वरची पानं टवटवीत राहतात, मुळी फुटो की न फुटो. "साहेब, पानं एकदम हिरवीगार आहेत, म्हणजे गुटी लागलीच," असं कुणी लिहिलं तर मी म्हणतो, पानांवर जाऊ नका. ती आईच्या पाण्यावर आहेत. उलट काढलेल्या सालीच्या वरची पानं थोडी फिकट किंवा तांबूस झाली, तर मला बरं वाटतं. अन्न खाली उतरत नाही, वरच अडकलंय, म्हणजे साल पूर्ण निघालेली आहे.

अडकलेलं अन्न जखमेच्या वरच्या ओठाशी गोळा होतं, म्हणून बदल आधी तिथेच दिसतो. पहिल्यांदा कॅलस येतो. फोटोत तो पांढरट, दाणेदार, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा दिसतो आणि ओठ फुगल्यासारखा वाटतो. बरेच जण याच टप्प्यावर फोटो काढून "मुळ्या आल्या" म्हणून कळवतात. कॅलसला लांबी नसते, टोक नसतं. मुळीला दोन्ही असतात. फोटो मोठा करून बघा. दाणा गोल आहे की पुढे निघून निमुळता झालाय? गोल असेल तर थांबायचं. कॅलस आला म्हणजे जखम जिवंत आहे, एवढंच त्याचं सांगणं.

एक कॅलस मात्र वाईट. वरच्या ओठापासून खालच्या ओठापर्यंत तो पट्टीसारखा चढला असेल, तर साल परत जुळली. साल काढताना खालचा बुळबुळीत थर पुसून घेतला नाही, की असं होतं. अन्नाचा रस्ता पुन्हा सुरू झाला, आता ती गुटी कितीही दिवस ठेवा, मुळी फुटायचं कारणच उरलं नाही. साल काढल्यावर कोरड्या फडक्याने लाकूड नीट पुसायला सांगतो ते यासाठी. आणि संजीवक लावायचं ते वरच्या ओठाला. मी आयबीए 2500 पीपीएम वापरतो, म्हणजे 100 मिलिलिटरला 250 मिलिग्रॅम. पावडर आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायची, मग पाणी घालायचं. सरळ पाण्यात टाकली तर नीट विरघळत नाही.

आता एक प्रसंग सांगतो, कारण त्यात सगळं आलं. मागच्या पावसाळ्यात आपल्याच तालुक्यातल्या एका बागायतदाराने जुलैच्या पहिल्या आठवड्यात भगव्याच्या 60 गुट्या बांधल्या. तिसाव्या दिवशी फोटो आला, फुगलेला ओठ आणि दाणे. मी थांबायला सांगितलं. अडतिसाव्या दिवशी दुसरा फोटो आला. प्लॅस्टिकला टेकलेल्या चार-पाच मुळ्या, दोन-तीन सेंटिमीटरच्या, दुधासारख्या पांढऱ्या. दिसायला फार सुंदर. मी परत म्हटलं, थांबा. पण पाऊस चांगला लागला होता, त्यांना राहवलं नाही आणि 20 गुट्या कापल्या.

पांढरी मुळी जिवंत असते, पण अशी एकेरी, फाटे न फुटलेली मुळी फार कोवळी असते. पिशवीत माती भरताना ती मोडते, आणि उरलेल्या दोन-तीन मुळ्या फांदीभर पानांना पुरत नाहीत. चौथ्या दिवशी फोटो आला, पानं लवलेली. आठव्या दिवशीचा फोटो मी अजून जपून ठेवलाय. पानं वाळून गुंडाळली होती, पण एकही गळलं नव्हतं. सगळी फांदीलाच लटकत होती. ते बघून मला कळलं की हातातून गेलं. त्या 20 पैकी 14 गेली.

उरलेल्या 40 त्यांनी पंचावन्नाव्या दिवशी कापल्या. तेव्हाच्या फोटोत मुळ्यांचा रंग साईसारखा, काही ठिकाणी फिकट तपकिरी झाला होता आणि प्रत्येक मुळीला बारीक फाटे फुटून शेवाळाच्या गोळ्यात जाळं झालं होतं. कापण्याचा फोटो म्हणजे हा. त्यांनी निम्मी पानं काढून गुट्या शेडनेटखाली लावल्या. नवव्या दिवशी घाबरून फोन, "यांचीही पानं चालली!" मी म्हटलं, फोटो पाठवा, फांदीचा आणि खाली पडलेल्या पानांचाही. पानं पिवळी होऊन देठासकट सुटली होती. फांदीवर प्रत्येक देठाच्या जागी स्वच्छ वण आणि बगलेत फुगलेला लालसर डोळा. पाणी वाढवू नका, हलवू नका, म्हटलं. पुढच्या दोन आठवड्यांत तांबूस फूट निघाली. 40 पैकी 35 जगली.

हे दोन फोटो समोरासमोर ठेवा. आपण सगळे उलटं समजतो. पान गळलं की घाबरतो आणि वाळकं पान फांदीला दिसलं की म्हणतो, अजून धरून आहे. पान गळणं हे फांदीचं काम आहे. देठाच्या बुडाशी सुटण्याचा थर तयार करायला फांदी जिवंत असावी लागते. ती पानांचा भार कमी करून पाणी वाचवते. पान जागच्या जागी वाळून लटकलं, याचा अर्थ फांदीला तो थर करायलाही सवड मिळाली नाही. पाणी त्याआधीच तुटलं. शंका असेल तर नखाने साल किंचित खरवडा आणि त्याचा फोटो पाठवा. खाली हिरवं ओलं दिसलं तर आशा आहे, तपकिरी कोरडं असेल तर नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. गळलेल्या पानावर तेलकट, काळपट डाग असतील, तर ती कलमाची पानगळ नव्हे, तो तेलकट डाग रोग. ते कलम आपल्या शेडमध्ये ठेवायचं नाही, मुळ्या कितीही चांगल्या असल्या तरी. आणि ज्या झाडावर गुटी बांधली ते झाडही नीट तपासायचं.

(प्रश्न : छाट कलमाला पंधरा दिवसांत पानं येतात, मग महिन्याने ती सुकतात. असं का?)

बरोबर विचारलंत. तिथे पाणी पाजणारं कुणीच नाही. 20-25 सेंटिमीटरच्या काडीत जे अन्न आणि पाणी साठलेलं असतं, त्याच्यावर डोळे फुटतात. मुळीची वाट बघत नाहीत. म्हणून छाट कलमाच्या पानांचा फोटो पाठवून "लागलं" म्हणणं म्हणजे पेरणीआधी पीक मोजणं. साठा संपेपर्यंत मुळी आली तर पान टिकतं, नाही तर एके दिवशी सगळी फूट एकदम मान टाकते. पहिली पालवी नव्हे, त्यानंतर नवीन पान निघालं आणि पूर्ण आकाराला आलं, तर मी विश्वास ठेवतो.

आणि काडी उपटून बघू नका. बघण्यात मुळी तुटते. शंभर काड्या लावताना पाच काड्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या ग्लासात लावा, बाहेरून काळा कागद गुंडाळा, कागद काढून आठवड्याला एकदा फोटो घ्या. त्या पाच बघून बाकीच्यांचा अंदाज येतो. बुडाशी कॅलसचा नुसता गोळा आणि मुळी नाही, असं दिसलं तरी टाकू नका. मुळी कॅलसमधूनच येते असं नाही, बऱ्याचदा थोडं वर, डोळ्याच्या आसपास सालीतून बाहेर पडते. त्यामुळे फोटोत फक्त बुडखा नको, खालचे दोन डोळे दिसायला हवेत. बुडखा काळा पडून साल बोटाने सरकत असेल, तर ती कूज आहे. पाण्याचा निचरा बघा.

(प्रश्न : फोटो काढायचा कसा?)

हे मला माझ्या चुकीतून कळलं. काही वर्षांपूर्वी एकाच्या फोटोत तपकिरी जाळं बघून मी कापायला सांगितलं. ते शेवाळाचे तंतू होते, मुळी एकही नव्हती. पंचवीस गुट्या वाया गेल्या आणि नुकसान त्यांचं झालं, सल्ला माझा होता. तेव्हापासून सांगतो, गुटीवर थोडं पाणी शिंपडा, गोळा हलक्या हाताने फिरवा आणि एकाच जागेचे दोन-तीन बाजूंनी फोटो घ्या. मुळी लाकडातून निघालेली दिसली पाहिजे. नुसतं प्लॅस्टिकला टेकलेलं काही दिसलं तर धरू नका. पांढरी बुरशीही मुळीसारखी भासते, पण तिची कड कापसासारखी विस्कटलेली असते. मुळीची कड स्वच्छ असते.

फ्लॅश बंद ठेवा, त्याने सगळंच पांढरं दिसतं. हिरव्या शेडनेटखाली काढू नका, तिथे पिवळं पान हिरवं दिसतं आणि तपकिरी मुळी ओळखू येत नाही. बाहेर सावलीत या, शेजारी एक पांढरा कागद आणि रुपयाचं नाणं ठेवा. कागदावरून मला रंगाचा अंदाज येतो, नाण्यावरून लांबीचा. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाही तर बारीक फाटे पुसले जातात. आणि फोटोखाली तीन गोष्टी लिहा : गुटी बांधली ती तारीख, कापली असेल तर ती तारीख, आणि शेवटचं पाणी कधी दिलं.