पुस्तक लंडनचं, बाल्कनी सोलापूरची

नमस्कार मंडळी. ही बघा, कुंडीतल्या बागकामाची तीन पुस्तकं टेबलावर आहेत. दोन इंग्रजी, एक मराठी. फोटो इतके सुंदर की बघताक्षणी सगळं लावावंसं वाटतं. नवीन माणूस असं पुस्तक घेतो, त्यात लिहिलंय तसंच्या तसं करतो, आणि एप्रिलमध्ये सगळं वाळून जातं. मग म्हणतो, "आपल्या हाताला गुणच नाही." हात ठीक असतो हो. पुस्तक दुसऱ्या गावच्या उन्हावर लिहिलेलं असतं, एवढंच.

म्हणून दुकानात किंवा वाचनालयात पुस्तक हातात घेतलं की फोटो नंतर बघा. आधी शोधा, लेखक कुठे राहतो. बहुतेक वेळा मागच्या पानावरच कळतं. लेखक ब्रिटनचा असेल, तर पुस्तकातलं एक वाक्य सोलापुरात लागू पडत नाही: "दक्षिणेकडची बाल्कनी सर्वांत उत्तम, तिथे वर्षभर ऊन."

का लागू पडत नाही ते सांगतो, कारण सगळी गंमत इथंच आहे. लंडन 51 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे ऐन उन्हाळ्यात, भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण 62 अंशच वर चढतो. म्हणजे तो कायम दक्षिणेकडे कललेला. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं वर. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो! आणि डिसेंबरात तो दक्षिणेला 49 अंशांवर उतरतो.

आता एक बाल्कनी घेऊ. जुळे सोलापुरातल्या एका वहिनींची आहे. दुसरा मजला, तोंड दक्षिणेला, चार फूट खोल, वर तिसऱ्या मजल्याचा स्लॅब नऊ फुटांवर, पुढे लोखंडी ग्रिल. त्यांनी पुस्तक वाचून फेब्रुवारीअखेर टोमॅटोचं बी टाकलं, कारण पुस्तकात "वसंतात पेरा" असं होतं.

त्या बाल्कनीत दुपारी बारा-साडेबाराला काय होतं बघा. डिसेंबरात ऊन तिरकं येतं. पूर्ण फरशीवर पडतं आणि आतल्या भिंतीवर चार-साडेचार फुटांपर्यंत चढतं. सप्टेंबर अखेरीला किंवा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ते कठड्यापासून आत तीन फुटांच्या आसपास पोचतं. आणि मे महिन्यात? कठड्याशीच थांबतं. आत सावली. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालंय आणि वहिनींच्या टोमॅटोला थेट ऊनच नाही. (तुमच्याकडे ग्रिलऐवजी भिंतीचा कठडा असेल, तर हिवाळ्यातही फरशीवर त्याची सावली पडेल. कुंड्या स्टुलावर चढवा.)

म्हणजे दक्षिणेची बाल्कनी आपल्याकडे हिवाळी बाल्कनी आहे. पूर्वेची सगळ्यांत सोपी, सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी सुटका. पश्चिमेची मात्र मार्च ते मे अवघड. पुस्तकातलं "पूर्ण ऊन" म्हणजे रोज सहा तास किंवा जास्त. पश्चिमेचं दुपारचं ऊन काळ्या प्लास्टिकच्या कुंडीवर पडलं की मुळं भाजतात. तिथे पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा, कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा.

दुसरं पान, पेरणीचं वेळापत्रक. परदेशी पुस्तकात महिने "शेवटचा हिमतुषार", म्हणजे दव गोठण्याइतक्या थंडीचा शेवटचा दिवस, धरून मोजतात. आपल्याकडे हिमतुषार कुठला? टोमॅटोला अडचण थंडीची नाही, रात्रीच्या उकाड्याची. रात्रीचं तापमान साधारण 21 ते 24 अंशांच्या वर राहू लागलं की परागकण नीट काम करत नाहीत आणि फळ धरत नाही. वहिनींच्या झाडाला एप्रिलमध्ये फुलं आली आणि गळाली. त्यांना वाटलं खत कमी पडलं, म्हणून अजून खत घातलं.

हे ओळखायचं कसं? पानं हिरवीगार, झाड तरतरीत, पण फुलाच्या देठाची गाठ पिवळी पडते आणि अख्खं फूल तिथून तुटतं. असं दिसलं तर खताचा डबा बंद करा. अजून घातलंत तर पानं वाढतील, फळ येणार नाही.

मग वेळापत्रक कसं लावायचं? पुस्तकातला "वसंत" उचलून आपल्या पावसाळ्याच्या उत्तरार्धावर ठेवा. ऑगस्टमध्ये ट्रेमध्ये बी टाका, सप्टेंबरच्या मध्याला रोप मोठ्या कुंडीत, कठड्याजवळ. ऑक्टोबरअखेर ऊन पूर्ण फरशीवर येतं, तेव्हा झाड वाढायला लागलेलं असतं. नोव्हेंबरअखेरीपासून फळ, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारासही भाजीला टोमॅटो घरचा. मेथी-पालकही ऑक्टोबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात त्या सावलीतल्या बाल्कनीत पुदिना आणि नागवेल ठेवा, त्यांना थेट ऊन नसलं तरी चालतं.

तिसरं पान मातीचं. हे अमेरिकन मेल बार्थोलोम्यू यांचं 'स्क्वेअर फूट गार्डनिंग', 1981 साली पहिल्यांदा आलं. नवीन माणसाला वाफ्याचे एक-एक फुटाचे चौकोन पाडून शिकवायची त्याची पद्धत मला फार आवडते. मात्र त्यांचं मिश्रण म्हणजे पीट मॉस हे दलदलीतलं वाळलेलं शेवाळ, व्हर्मिक्युलाइट हे भाजून फुगवलेलं खनिज आणि कंपोस्ट, तिन्ही समान. आपण पीटऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा घ्यायचा, आणि तो आधी दोनदा पाण्यात भिजवून पिळून, कारण त्यात मीठ असू शकतं. सहा इंच खोली त्यांना पुरते. आपल्या मार्चमध्ये ती संध्याकाळपर्यंत कोरडी पडते, आणि आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. मेथीला चालेल, टोमॅटोला बारा इंच खोल कुंडी हवीच.

"बागेतली माती" असं पुस्तकात वाचून शेतातली काळी माती आणू नका. ती कुंडीत वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि तुम्ही ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. वरून पाणी घातलं, खालून लगेच ताटलीत आलं, आणि मधला गोळा कोरडाच, ही खूण. तसं झालं तर अख्खी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बुडवून ठेवा.

आणि कुठलंही पुस्तक "कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर द्या, निचरा होतो" म्हणालं, तर तेवढं सोडून द्या. पाणी बारीक मातीतून मोठ्या खड्यांत सहज उतरत नाही, थराच्या वर साचून राहतं, आणि मुळांची जागा फुकट जाते. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे.

मराठीत वाचायचं तर कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांचं 'विपुलाच सृष्टी'. थोडं जड आहे, कुंडी कशी भरायची हे शिकायला ते पहिलं पुस्तक नाही. पानावर पडणारं ऊन हीच खरी पुंजी, असा त्यांचा विचार आहे, आणि आपल्या हवेत बसून लिहिलेलं आहे. पहिला हंगाम झाला की घ्या.

इंग्रजी पुस्तकातलं काय जसंच्या तसं घ्यायचं? कुंडीची खोली कमीत कमी किती, आधार कसा बांधायचा, शेंडा कधी खुडायचा, मावा कसा ओळखायचा. यातलं कुंडीच्या खोलीला तेवढं थोडं वाढवून घ्या, बाकी झाड लंडनमध्येही तसंच आणि होटगी रोडलाही तसंच.

तुमची बाल्कनी कुठल्या दिशेला आहे, किती खोल आहे आणि समोर ग्रिल आहे की भिंत, एवढं खाली लिहा. पुढच्या व्हिडिओत पश्चिमेच्या बाल्कन्या घेऊ, शेडनेट कुठे आणि किती उंचीवर बांधायची त्यासकट.