अंगण दोघांनाही वाकडंच असतं

नमस्कार श्रोतेहो.

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण सगळेच वापरतो. ती म्हणताना आपण असं धरून चालतो की नाचणाऱ्या माणसाला आपलं उणं ठाऊक आहे आणि तो ते झाकण्यासाठी अंगणाचं निमित्त काढतोय. मला ही समजूत अर्धवट वाटते. बहुतेक वेळा त्या माणसाला अंगण खरोखरच वाकडं दिसत असतं. तो खोटं बोलत नसतो, आणि म्हणूनच त्याची चूक त्याच्या हाती लागत नाही.

यश आलं की ते माझ्यामुळे आणि अपयश आलं की ते परिस्थितीमुळे, या ओढीला मानसशास्त्रात सेल्फ-सर्व्हिंग बायस म्हणतात. आपण आज त्याला स्वतःच्या सोयीचं कारण शोधणं म्हणू.

रिचर्ड लाउ आणि डॅन रसेल या दोन अमेरिकी संशोधकांनी 1980 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी प्रयोगशाळेत कुणाला बोलावलं नाही, वर्तमानपत्रांची क्रीडापानं घेतली. बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांनंतर खेळाडू आणि प्रशिक्षक काय म्हणाले, ते एकेक वाक्य वेचून पाहिलं. जिंकलेल्यांनी दिलेल्या कारणांपैकी साधारण तीन चतुर्थांश कारणं स्वतःच्या संघातली होती: आमची तयारी, आमची जिद्द, आमची गोलंदाजी. हरलेल्यांच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्याच्या थोडं वर होतं.

हा दुसरा आकडा मला फार मोलाचा वाटतो. हरलेले सगळे नशिबाच्या नावाने खडे फोडत नव्हते. निम्म्याहून जास्त वेळा तेही ‘आम्ही कमी पडलो’ असंच म्हणत होते. म्हणजे ही सवय ढळढळीत दिसत नाही. तराजूचं एक पारडं जरा खाली राहतं, एवढंच. तेवढं झुकलेलं असताना ते डोळ्यांना कसं दिसायचं?

त्यासाठी बॅडमिंटनचा एक सामना डोळ्यांसमोर आणा. हॉलमध्ये एका बाजूने हवेचा झोत येतोय. हवा पाठीवर असली की टॉस बॅकलाइनच्या बाहेर जातो, समोरून असली की आखूड पडतो आणि समोरचा स्मॅश मारतो. आपला खेळाडू 17-21, 18-21 असा हरला. बाहेर आल्यावर म्हणाला, “हवेने घात केला.” त्याला नऊ पॉइंट आठवतात. दुसऱ्या गेममधला सतराव्या पॉइंटचा टॉस कसा रेषेवर पडता पडता बाहेर सरकला, हेही तो हाताने दाखवतो. ही आठवण खरी आहे. ते नऊ पॉइंट हवेमुळेच गेले, असंच धरू.

पण एक गेम झाला की बाजू बदलतात. त्यामुळे तोच झोत प्रतिस्पर्ध्यालाही तितकाच भोवतो. आता त्याचे पॉइंट मोजू. समजा हवेमुळे त्याचे आठ गेले. दोन्ही गेम मिळून आपला खेळाडू सात पॉइंटांनी मागे पडला, आणि त्या सातांत हवेचा वाटा निघाला फक्त एक. मग बाकीचे सहा कुठे गेले? शटल नेटमध्ये मारून आपल्या खेळाडूने बारा पॉइंट गमावले, समोरच्याने सात. पाच पॉइंटांचा फरक तिथेच पडला. पण नेटमधल्या त्या बारांपैकी एकही त्याला वेगळा आठवत नाही.

प्रतिस्पर्ध्याचे ते आठ पॉइंट त्याच्या डोळ्यांदेखत गेले होते. तरी त्याच्या मनात त्यांची नोंद ‘माझा टॉस त्याला पेलला नाही’ अशी झाली. सगळी गोम इथे आहे. अंगण वाकडं होतं हे खरंच, पण दोघांनाही तेवढंच वाकडं होतं.

हे असं का होतं, यावर बराच वाद झालाय. सरळ उत्तर असं की माणूस आपला अहंकार जपतो. पण 1975 साली डेल मिलर आणि मायकल रॉस यांनी विचारलं की अहंकार मध्ये न आणताही हे समजावता येईल का? त्यांचं म्हणणं मला पटण्याजोगं वाटतं. आपण कामाला लागतो तेच यशाच्या अपेक्षेने. तयारी करतो, जोर लावतो. यश आलं की ते आपल्या जोराच्या मागोमाग आलेलं दिसतं, त्यामुळे वेगळं कारण शोधायची गरजच पडत नाही. अपयश मात्र त्या अपेक्षेला छेद देतं. जोर तर लावला होता, मग मध्ये काय आलं? असा प्रश्न पडला की नजर बाहेरच वळते. अहंकाराचा भाग यात नाही असं मी म्हणत नाही. पुढच्या कित्येक प्रयोगांत तोही दिसलाय. पण नम्र माणूसही यात सापडतो, ते या दुसऱ्या वाटेमुळे.

शिकवण्याचं काम घ्या. 1964 च्या एका प्रयोगात काही जणांना शिक्षकाची भूमिका देऊन मुलांना गणित शिकवायला सांगितलं. कच्चा मुलगा सुधारला की ते आपल्या शिकवण्याचं फळ, आणि नाही सुधारला तर मुलगाच तसा, असा त्यांचा कल दिसला. दहा वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी असाच प्रयोग केला, तेव्हा उलटं घडलं. अनुभवी शिक्षकांनी अपयशाची जबाबदारी स्वतःवर जास्त घेतली. त्यामुळे ‘माणूस असाच’ म्हणून हात झटकता येत नाहीत. आपली भूमिका काय आणि आपण कुणाला बांधील आहोत, यावर बरंच ठरतं.

ऑफिसात मोजणं बॅडमिंटनपेक्षा अवघड असतं, कारण तिथे समोर दुसरा खेळाडू उभा नसतो. तो आपल्याला शोधावा लागतो. समजा एका विक्री प्रतिनिधीची विक्री एका तिमाहीत 12 टक्क्यांनी वाढली. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये तो लिहितो: जुन्या ग्राहकांकडे मी सातत्याने पाठपुरावा केला. पुढच्या तिमाहीत विक्री 8 टक्क्यांनी घटते. या वेळी तो लिहितो: बाजारात मंदी होती. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण त्याच मालाची सगळ्या विभागांतली विक्री पहिल्या तिमाहीत 10 टक्क्यांनी वाढली होती आणि दुसऱ्या तिमाहीत 6 टक्क्यांनी घटली होती. म्हणजे पहिल्या वेळी तो इतरांच्या दोन टक्के पुढे होता आणि दुसऱ्या वेळी दोन टक्के मागे. बाजाराचा हात दोन्ही वेळा मोठा होता, त्याचं नाव मात्र एकदाच निघालं. आणि दुसऱ्या तिमाहीत पाठपुराव्याचं काय झालं, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

म्हणून फॉर्ममधलं कारण खरं की खोटं यावर साहेबांनी वाद घालू नये. तेच कारण मागच्या निकालालाही लावून पाहावं. मंदी आज मोजायची असेल, तर तेव्हाची तेजीही मोजावी लागेल.

याहून चांगला उपाय म्हणजे निकालाच्या आधी लिहून ठेवणं. तिमाही सुरू होताना किंवा सामन्याच्या आदल्या संध्याकाळी एका कागदावर दोनच ओळी लिहायच्या: उद्या जिंकलो तर कशामुळे, हरलो तर कशामुळे. त्या वेळी बाजू घ्यायला निकालच नसतो, त्यामुळे हात जास्त सरळ चालतो. याला एक मर्यादा आहे. आधी न सुचलेलं खरंखुरं कारणही मध्येच उपटू शकतं, स्नायू दुखावतो, मोठा ग्राहक आपलं दुकानच बंद करतो. तसं झालं तर ते कागदावर जरूर वाढवावं, पण वेगळ्या शाईने. वर्षभराचे कागद एकत्र काढले की त्या शाईच्या ओळी पराभवांच्याच पानांवर दाटलेल्या आहेत का, हे बघायला पाच मिनिटं पुरतात.

नमस्कार.