हप्ता एकही चुकला नाही, मग कर्ज वाढलं कसं?

नमस्कार मंडळी! माझ्या मावसभावानं कळंब्यात फ्लॅट घेतला. कर्ज तीस लाख, मुदत तीस वर्षं, व्याज ७ टक्के, तेही बदलतं. हप्ता बसला १९,९६० रुपये. परवा तो स्टेटमेंट घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, दोन वर्षं हप्ता भरतोय, आणि बाकी तीस लाखांच्या वर?"

बँकेची चूक असेल असं त्याला वाटलं. चूक नव्हती. बघा काय झालं ते.

पहिल्या महिन्याचं व्याज १७,५०० रुपये. म्हणजे एवढ्या मोठ्या हप्त्यातून मुद्दलात गेले जेमतेम अडीच हजार. वर्षभरात बाकी आली साधारण २९ लाख ७० हजारांवर. मग दर चढला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे उसने देते तो दर, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला, आठवत असेल. हिशेब सोपा राहावा म्हणून आपण धरू की दर एकदम साडेनऊ झाला. आता महिन्याचं व्याज २३,५१२ रुपये, आणि हप्ता तोच, १९,९६०. व्याजाला कमी पडलेले ३,५५२ रुपये कुठं गेले? बाकीत मिसळले. पुढच्या महिन्यात त्या ३,५५२ वरही व्याज लागलं.

असं बारा महिने चाललं. भावानं त्या वर्षात जवळपास दोन लाख चाळीस हजार भरले, आणि कर्ज साडेचव्वेचाळीस हजारांनी वाढलं. यालाच निगेटिव्ह अमॉर्टायझेशन म्हणतात. खात्यातून हप्ता बिनबोभाट कापला जातो, म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही.

तुमचं काय ते आत्ताच बघा. हप्त्याला बारानं गुणा, बाकी कर्जानं भागा, शंभरानं गुणा. दर चढला तेव्हा भावाचं उत्तर येत होतं ८.०६. दर याच्या वर गेला की मुद्दल फुगायला लागतं. हेच कर्ज पंधरा वर्षांचं असतं तर हप्ता २७ हजारांच्या आसपास बसला असता आणि ही रेषा सुरुवातीलाच पावणेअकरा टक्क्यांच्या जवळ आली असती. लांब मुदतीचा हप्ता हलका वाटतो, पण दरवाढ सोसायला त्यात जागाच नसते, हे मला फार खुपतं.

मुदत वाढवून मिळेल का? इथं नाही. व्याजच निघत नसेल तर शंभर वर्षं दिली तरी कर्ज फिटणार नाही. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं हेच बजावलंय: मुदत वाढवताना निगेटिव्ह अमॉर्टायझेशन होता कामा नये. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायचा हक्क कर्जदाराला आहे.

तेव्हा दर बदलला त्याच वेळी हप्ता २५,१०० च्या आसपास नेला असता, तर उरलेल्या २९ वर्षांत कर्ज फिटलं असतं. आता बाकी वाढल्यामुळं त्याहून थोडा जास्त लागेल. सोमवारी तो शाखेत अर्ज घेऊन जाणार आहे, मीही बरोबर जातोय.