टीव्ही सारखा अडकतोय? आधी डीव्हीआरचा आयपी बघा

तर मंडळी, घरात फक्त टीव्ही मध्येच बंद पडतो, मोबाईल एकदम मस्त चालतो, आणि राऊटर बंद-चालू केला की तासभर सगळं ठीक. असं होत असेल तर नेटवाल्याला फोन करायच्या आधी हे बघा.

समजा सीसीटीव्ही बसवणाऱ्याने डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याला, हाताने आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा नंबर, टाकून दिला, 192.168.1.10, आणि तो गेला निघून. राऊटरला त्याचा पत्ताच नाही! राऊटरची आयपी वाटपाची यादी 2 पासून 254 पर्यंत, त्यामुळे एक दिवस तो तोच 10 नंबर टीव्हीला देऊन मोकळा होतो. आता राऊटरने विचारलं की 10 कोण, तर दोघंही हात वर करतात आणि ज्याचं उत्तर शेवटी पोचलं त्याचा मॅक पत्ता, म्हणजे डिव्हाइसचा स्वतःचा हार्डवेअर नंबर, राऊटर लिहून ठेवतो, मग टीव्हीचा डेटा जातो डीव्हीआरकडे आणि टीव्ही बसतो गोल गोल फिरत. थोड्या वेळाने उलटं, तेव्हा मोबाईलवर कॅमेरे दिसत नाहीत.

पकडायचं कसं? टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमधून आयपी आणि मॅक लिहून घ्या. मग टीव्हीचा प्लग काढा, रिमोटने बंद नको, स्टँडबायमध्ये बरेच टीव्ही नेटवर्कवरच असतात. आता त्याच वायफायवरच्या विंडोज लॅपटॉपवर, गेस्ट वायफाय नको हां, कमांड प्रॉम्प्ट उघडा:

```
ping 192.168.1.10
arp -a
```

टीव्हीचा प्लग हातात आणि तरी रिप्लाय येतोय? सापडला चोर. फक्त ती ओळ नीट वाचा, कारण `Destination host unreachable` पण `Reply from` नेच सुरू होते, पण तिथे आयपी तुमच्याच लॅपटॉपचा असतो, म्हणजे समोर कोणी नाही. काही डिव्हाइस पिंगला उत्तरच देत नाहीत, म्हणून दुसरी कमांड. तिच्या यादीत 10 समोर टीव्हीचा नसलेला मॅक दिसला, आणि तोच डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूमध्येही असला, की विषय संपला.

आता दुरुस्ती. डीव्हीआरचा आयपी बदलू नका, मोबाईल ॲप किंवा बाहेरून कॅमेरे बघायचं पोर्ट फॉरवर्डिंग त्याच आयपीवर लावलेलं असेल तर कॅमेरे बंद पडतील. बदल राऊटरमध्ये करा, `DHCP Server` म्हणजे आयपी वाटपाच्या पानावर सुरुवातीचा आयपी 192.168.1.100 करा, शेवटचा 200. म्हणजे 2 ते 99 नंबर हाताने द्यायला मोकळे, राऊटर तिकडे फिरकणारच नाही. ॲड्रेस रिझर्व्हेशनने पण जमतं, डीव्हीआरच्या मॅकला 10 बांधून टाकायचा, पण मला पहिलाच उपाय जास्त आवडतो, उद्या सीसीटीव्हीवाल्याने अजून एखादा कॅमेरा हाताने आयपी टाकून बसवला तरी चालतं.

सेव्ह करा, राऊटर रीस्टार्ट करा, आणि टीव्हीचं वायफाय बंद करून परत जोडा, नाहीतर तो जुना 10 धरूनच बसतो. सेटिंगमध्ये 100 ते 200 मधला आकडा दिसला की झालं काम.